क्लिक केलं एका मूर्तीवर, नोंद गेली दुसरीवर: ब्राउझरमधल्या रे कास्टिंगची गोष्ट

दिवाळीच्या सुटीत मी वडसाला घरी होते. लॅपटॉपवर मार्कंडा देवच्या देवळांपैकी एका लहान देवळाच्या बाहेरच्या भिंतीचं त्रिमितीय मॉडेल होतं. मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून ते तयार केलं होतं आणि ब्राउझरमध्ये उघडत होतं. काम सोपं होतं: भिंतीवरच्या एकेका मूर्तीवर क्लिक करायचं, बाजूच्या चौकटीत तिचा क्रमांक येतो, खाली वर्णन लिहायचं. हातात काय आहे, कुठे झीज झाली आहे, कुठे दगड तुटला आहे. तीन दिवसांत 64 नोंदी झाल्या.

परत गेल्यावर सरांनी त्यातल्या पाच-सहा उघडून पाहिल्या आणि विचारलं, "अगं, मूर्ती 11 ला हातच शिल्लक नाहीत. तू तिच्या हातात डमरू कुठून आणलास?"

डमरू होता, पण मूर्ती 7 च्या हातात. मी क्लिकही 7 वरच केलं होतं. प्रोग्रामने मात्र 11 धरली होती. यात वाईट भाग असा की प्रोग्राम कुठेही अडखळला नव्हता. कन्सोलवर लाल ओळ नाही, रिकामं उत्तर नाही. भिंतीवर कुठेही किरण सोडला तरी तो कोणत्या ना कोणत्या मूर्तीवर आदळतोच, त्यामुळे उत्तर दर वेळी मिळतं. ते बरोबर आहे की नाही हे कळायचा मार्ग आपणच तयार करावा लागतो.

तुमच्यापैकी कोणी हाडांचे, जीवाश्मांचे, पानांचे किंवा खडकांचे मॉडेल ब्राउझरमध्ये टाकून त्यावर खुणा करणार असाल, तर हा लेख त्यासाठी आहे. उदाहरणं `three.js` मधली आहेत, पण गणित सगळीकडे तेच आहे.

आधी मुळातली अडचण समजून घेऊ. वेबजीएलला मूर्ती ठाऊक नसते. त्याला आपण त्रिकोणांची यादी देतो, ते त्रिकोण पडद्यावर रंगवले जातात आणि ग्राफिक्स कार्डाचं काम संपतं. तुम्ही एखाद्या पिक्सेलवर क्लिक करता तेव्हा ब्राउझर फक्त एवढंच सांगतो की माउस खिडकीच्या डावीकडून इतका आणि वरून इतका अंतरावर होता. या दोन आकड्यांवरून भिंतीवरचा बिंदू शोधायचा आहे. दोन आकड्यांवरून तीन आकडे मिळत नाहीत. खोली हरवलेली असते. म्हणून आपण बिंदू न शोधता रेषा शोधतो. कॅमेऱ्याच्या डोळ्यापासून निघून त्या पिक्सेलमधून आत जाणारी रेषा म्हणजे किरण. तो मेशला पहिल्यांदा जिथे लागतो तो आपला बिंदू. रे कास्टिंग म्हणजे एवढंच.

आता माझ्या चुकीचे आकडे घेऊन हे करून पाहू. खिडकी 1280 बाय 720 पिक्सेलची होती. डावीकडे 240 पिक्सेल रुंदीची नोंदींची चौकट, वर 96 पिक्सेलची पट्टी, आणि उरलेल्या जागेत 960 बाय 600 चा कॅनव्हास, म्हणजे जिथे मॉडेल दिसतं ती जागा. समजा माउस 840, 246 वर आहे.

पहिली पायरी म्हणजे हे पिक्सेल -1 ते 1 या मापात आणायचे. कॅनव्हासचा मध्य म्हणजे 0, 0. डावी कड -1, उजवी कड 1. उभ्या दिशेत मात्र पिक्सेल वरून खाली मोजतात आणि आपल्याला वरची कड 1 हवी असते, म्हणून चिन्ह उलटं होतं. कॅनव्हासच्या डाव्या कडेपासून क्लिक 840 − 240 = 600 पिक्सेलवर आहे. 600 ला 960 ने भागलं की 0.625, दुप्पट करून 1 वजा केला की 0.25. उभ्या दिशेत 246 − 96 = 150, भागिले 600 म्हणजे 0.25, त्यावरून y येतो 0.5. म्हणजे क्लिक मध्यापासून थोडं उजवीकडे आणि वरच्या अर्ध्या भागाच्या बरोबर मध्यावर आहे.

```js
const r = canvas.getBoundingClientRect();
p.x =  ((e.clientX - r.left) / r.width) * 2 - 1;
p.y = -((e.clientY - r.top) / r.height) * 2 + 1;
raycaster.setFromCamera(p, camera);
const hit = raycaster.intersectObject(wall, true)[0];
```

माझ्या कोडमध्ये मात्र `r` नव्हताच. तिथे `e.clientX / window.innerWidth` असं होतं. सुरुवातीला कॅनव्हास अख्ख्या खिडकीभर होता, तेव्हा हे अगदी बरोबर होतं. `three.js` ची बरीच उदाहरणं खिडकीभर कॅनव्हास धरूनच लिहिलेली असतात आणि मीही तिथूनच ओळ उचलली होती. नंतर नोंदींसाठी डावी चौकट आणि वरची पट्टी जोडली आणि ही ओळ तशीच राहिली. तिच्या हिशेबाने त्याच क्लिकचं उत्तर येतं x = 0.3125 आणि y = 0.3167.

0.25 च्या जागी 0.31 हा फरक किरकोळ वाटतो. भिंतीवर तो किती होतो ते पाहा. कॅमेरा भिंतीपासून 3 मीटरवर आहे आणि त्याचा उभा दृष्टिकोन 50 अंश. अर्ध्या कोनाचा, म्हणजे 25 अंशांचा टँजंट 0.4663. म्हणून 3 मीटरवर मध्यापासून वरच्या कडेपर्यंत 3 × 0.4663 म्हणजे 1.40 मीटर भिंत दिसते, आणि कॅनव्हास उंचीच्या 1.6 पट रुंद असल्यामुळे बाजूला 2.24 मीटर. खरा बिंदू मध्यापासून उजवीकडे 0.56 मीटर आणि वर 0.70 मीटर. चुकीच्या कोडचा बिंदू उजवीकडे 0.70 आणि वर 0.44. म्हणजे 14 सेंटिमीटर उजवीकडे आणि 26 सेंटिमीटर खाली. तिरकं मोजलं तर जवळजवळ 30 सेंटिमीटर. मूर्ती रांगेने कोरलेल्या आहेत अशा भिंतीवर एवढा फरक पुष्कळ झाला. 7 ची 11 अशी झाली.

मग चौकट जोडल्यावर मी तपासणी केली नव्हती का? केली होती. आणि ती यशस्वी झाली होती. याचं कारण मला नंतर कागदावर सापडलं आणि या सगळ्या प्रकरणात मला तेच सर्वात शिकण्यासारखं वाटतं. दोन्ही सूत्रं एकमेकांसमोर मांडा: X भागिले 1280, आणि X वजा 240 भागिले 960. ही दोन्ही कुठे समान होतात? X = 960 ला. उभ्या दिशेत तसंच Y = 576 ला. म्हणजे पडद्यावर 960, 576 या ठिकाणी चुकीचा कोड अचूक उत्तर देतो आणि त्या ठिकाणापासून जसजसं दूर जावं तसतशी चूक वाढत जाते. मी तपासायला उजवीकडे खालची, कमळ असलेली एक ठळक मूर्ती निवडली होती, कारण ती ओळखायला सोपी होती. ती त्याच ठिकाणाच्या आसपास होती. क्लिक बरोबर लागलं, मी समाधानाने पुढे गेले.

तेव्हा तपासायचं असेल तर कॅनव्हासचे चारही कोपरे तपासा. एक कोपरा बरोबर आला म्हणून थांबू नका. चुकीचा आकारच कारण सांगतो. सगळीकडे सारखीच सरकलेली असेल तर बहुधा `left` आणि `top` वजा करायचे राहिलेत. डाव्या वरच्या कोपऱ्यात शून्य आणि उजवीकडे खाली वाढत जाणारी असेल तर `r.width` च्या जागी `canvas.width` वापरलं गेलं आहे. हे दोन्ही आकडे वेगळे असतात: पहिला पानावरच्या पिक्सेलमध्ये, दुसरा रंगवण्याच्या बफरच्या पिक्सेलमध्ये. ज्या पडद्यावर ब्राउझरचं पिक्सेल गुणोत्तर 1.5 आहे तिथे 960 चा कॅनव्हास आतून 1440 चा असू शकतो. तुमच्या लॅबच्या साध्या मॉनिटरवर सगळं ठीक चालतं आणि मोबाइलवर क्लिक भलतीकडे जातं, तेव्हा आधी हे बघा. आणि माझ्यासारखी कुठेतरी मध्येच शून्य होणारी चूक असेल, तर खिडकी आणि कॅनव्हास यांची मापं एकमेकांत मिसळली आहेत.

किरण तयार झाला. कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्याची दिशा (0.1865, 0.2332, −1) अशी आहे; याला 3 ने गुणलं की वरचाच 0.56, 0.70 मिळतो, पडताळून पाहा. आता हा किरण कोणत्या त्रिकोणाला लागतो? यासाठी मोलर आणि ट्रुम्बोर यांनी 1997 मध्ये मांडलेली पद्धत बहुतेक ठिकाणी वापरली जाते किंवा तिच्यासारखीच दुसरी. तिची कल्पना हाताने करता येईल इतकी साधी आहे. समजा भिंतीचा एक त्रिकोण कॅमेऱ्यापासून बरोबर 3 मीटरवर सपाट आहे आणि त्याचे कोपरे A (0.5, 0.6), B (0.7, 0.6), C (0.5, 0.8) असे आहेत. A पासून B कडे किती वाटा चालायचं आणि C कडे किती वाटा, म्हणजे आपण 0.56, 0.70 ला पोहोचू? B कडे 0.06 भागिले 0.2 म्हणजे 0.3. C कडे 0.10 भागिले 0.2 म्हणजे 0.5. दोन्ही वाटे शून्याहून मोठे आणि बेरीज 0.8, एकाहून कमी. म्हणून बिंदू त्रिकोणाच्या आत. एखादा वाटा ऋण आला किंवा बेरीज एकाच्या वर गेली तर बाहेर. उरलेला 0.2 हा A चा वाटा. हे तीन वाटे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

(खऱ्या मेशमध्ये त्रिकोण तिरके असतात, म्हणून याच्याबरोबर अंतरही सोडवावं लागतं. तीन अज्ञात, तीन समीकरणं. पण तपासणी हीच.)

माझ्या भिंतीत सुमारे 12 लाख त्रिकोण आहेत. `three.js` आधी अख्ख्या मेशभोवतीचा गोल आणि पेटी तपासतं, किरण तिथेच चुकला तर पुढे जात नाही. पण भिंत पडदाभर असताना किरण पेटीला लागणारच, मग 12 लाख त्रिकोण एकामागून एक. क्लिकसाठी हे खपून जातं. माउस नुसता फिरवला की मूर्ती उजळावी असं केलंत तर माझ्या लॅपटॉपसारखाच तुमचाही अडखळेल. त्यावरचा उपाय म्हणजे पेट्यांची उतरंड: मोठी पेटी, तिच्यात दोन पेट्या, त्यांच्यात आणखी दोन, असं करत शेवटच्या पेटीत दहाएक त्रिकोण उरेपर्यंत. 12 लाखांना हे सुमारे 17 पायऱ्यांत होतं. किरण ज्या पेटीला लागत नाही तिच्यातलं सगळं एका फटक्यात बाद. `three-mesh-bvh` ही लायब्ररी हे काम करते आणि वापरायला सोपी आहे.

पण ती बसवल्यावर माझं दुसरं संकट सुरू झालं. आता मुद्दा असा येतो की किरण त्रिकोणाला लागला, पण त्यावरून मूर्ती 7 आहे हे कसं ठरवायचं?

मॉडेल भागाभागांनी बनलेलं असेल, म्हणजे प्रत्येक हाड वेगळी मेश, तर `hit.object` वरूनच उत्तर मिळतं आणि विषय संपला. फोटोंवरून बनवलेलं मॉडेल तसं नसतं. अख्खी भिंत एकच मेश, मूर्ती आणि तिच्यामागचा दगड एकसंध. तेव्हा कोणता त्रिकोण कोणत्या मूर्तीचा हे आपल्यालाच कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. मी सरळ मार्ग घेतला: `hit.faceIndex`, म्हणजे त्रिकोणाचा यादीतला क्रमांक. त्रिकोण 4,00,000 ते 4,18,000 म्हणजे मूर्ती 7, असा तक्ता. वेग वाढवायला पेट्यांची उतरंड बसवली आणि तक्ता एका क्षणात निरर्थक झाला. ही लायब्ररी नेहमीच्या पद्धतीने चालते तेव्हा उतरंड बांधताना त्रिकोणांच्या यादीचा क्रमच बदलून टाकते, म्हणजे एका पेटीतले त्रिकोण यादीतही शेजारी येतात. मॉडेल दिसायला तसूभरही बदलत नाही. `faceIndex` मात्र वेगळ्याच त्रिकोणाचा क्रमांक असतो. असंच मॉडेल हलकं करण्यासाठी त्रिकोण कमी केले, किंवा दुसऱ्या प्रोग्राममधून पुन्हा निर्यात केलं, तरी होतं. (`indirect` असा पर्याय देऊन मूळ यादी तशीच ठेवता येते, पण निर्यातीचा प्रश्न त्याने सुटत नाही.)

त्रिकोणाचा क्रमांक हा घराचा पत्ता नाही, रांगेतली जागा आहे. रांग बदलली की जागा बदलली. म्हणून खूण त्रिकोणाच्या क्रमांकावर न ठेवता शिरोबिंदूंवर ठेवा. ब्लेंडरमध्ये मूर्ती निवडून त्या शिरोबिंदूंना `_LABEL` नावाचा गुण द्या आणि जीएलटीएफ म्हणून निर्यात करताना गुण सोबत जातील हे पाहा. या स्वरूपात स्वतःचे गुण खालच्या रेघेने सुरू होणाऱ्या नावाने ठेवता येतात. `three.js` मध्ये उघडताना नाव लहान अक्षरांत येतं, `_label`. माझा एक तास यात गेला होता. हा गुण शिरोबिंदूला चिकटलेला असल्यामुळे त्रिकोणांची रांग कशीही लावा, तो सोबत जातो.

कडेवर काय? मूर्ती 7 आणि मागच्या दगडाच्या सीमेवरच्या त्रिकोणाचे दोन कोपरे एकाचे आणि एक दुसऱ्याचा असू शकतो. इथे मघाचे वाटे कामाला येतात. A ला 0.2, B ला 0.3, C ला 0.5, C चा वाटा सर्वात मोठा, म्हणून C ची खूण घ्यायची. बऱ्याच ठिकाणी नुसतं `hit.face.a` चं मूल्य घेतात. ते आतल्या त्रिकोणांना चालतं, कडेवर चालत नाही, आणि संशोधनात झिजलेल्या कडाच बहुतेक वेळा महत्त्वाच्या असतात.

```js
const q = hit.object.worldToLocal(hit.point.clone());
const w = new THREE.Vector3();
THREE.Triangle.getBarycoord(q, a, b, c, w);
```

इथे `a`, `b`, `c` म्हणजे त्या त्रिकोणाचे तीन कोपरे, मॉडेलच्या स्वतःच्या मापात. पहिल्या ओळीकडे लक्ष द्या. `hit.point` हा बिंदू दृश्याच्या मापात मिळतो. बहुतेक दर्शक प्रोग्राम मॉडेल उघडताना त्याला मध्यावर आणतात, लहान-मोठं करतात. उद्या तुम्ही ते बदललंत तर दृश्याच्या मापात साठवलेल्या सगळ्या नोंदी हवेत लटकतील. मॉडेलच्या मापातला `q` साठवा. तो भिंतीला धरून राहतो.

आता चूक पकडण्याबद्दल थोडं. माझ्या पहिल्या आवृत्तीत क्लिक केल्यावर फक्त क्रमांक दिसायचा. 7 आणि 11 मध्ये काय फरक हे मला पाठ थोडंच होतं! आता क्लिक केलं की `hit.point` वर एक लहान लाल गोळी ठेवली जाते. हे इतकं स्वस्त आहे की ते न करण्याला कारणच नाही. गोळी ठेवून झाल्यावर मॉडेल फिरवून बाजूने बघा. समोरून गोळी दर वेळी माउसखालीच दिसेल, कारण ती त्याच किरणावर आहे. निदान किरण बरोबर असेल तर. बाजूने बघितल्यावर कळतं की ती दगडावर बसली आहे की मागे.

"मागे" हे माझ्या बाबतीत खरंच घडलं. फोटोंवरून मेश बनवताना खोलगट कोपऱ्यांत, मूर्तीच्या काखेत, छज्जाखाली फोटो पोहोचत नाहीत आणि तिथे भोकं राहतात. पडद्यावर ते अंधारलेले भाग वाटतात. किरण भोकातून आरपार जातो आणि मागच्या कुठल्यातरी पृष्ठावर लागतो. हे पकडायला `hit.distance` बघा. आजूबाजूला सगळीकडे अंतर 3 मीटरच्या जवळ आणि एका पिक्सेलवर एकदम 4.2 आलं तर तिथे भोक आहे. मी आता क्लिकच्या भोवती आणखी चार किरण सोडते, दोन-तीन पिक्सेल अंतरावर, आणि पाचांतलं एखादं अंतर फार वेगळं असेल तर नोंद घेण्याआधी विचारते. खोल कोरीव काम असेल तर हे खोटा इशाराही देतं. चालतं मला ते.

दुसरी तपासणी जरा पद्धतशीर आहे. किरणाचं काम उलट करायचं: मेशवरचा एक माहीत असलेला शिरोबिंदू घ्यायचा, तो पडद्यावर कुठे दिसतो ते काढायचं, तिथे क्लिक केल्यासारखं करायचं आणि मिळालेला बिंदू मूळ शिरोबिंदूपासून किती दूर आहे ते मोजायचं.

```js
const v = new THREE.Vector3().fromBufferAttribute(pos, i);
wall.localToWorld(v).project(camera);
const cx = r.left + (v.x + 1) / 2 * r.width;
const cy = r.top  + (1 - v.y) / 2 * r.height;
```

असे दोनशे शिरोबिंदू यादृच्छिक निवडा. काही दुसऱ्या दगडाआड असतील, त्यांचं अंतर कॅमेऱ्याला जवळचं येईल, ते सोडून द्या. बाकीच्यांचा फरक जवळजवळ शून्य यायला हवा. पण यात एक फसगत आहे. जाताना आणि येताना दोन्हीकडे तीच चूक केली तर ती एकमेकांना खाऊन टाकते. मी इथेही `window.innerWidth` वापरलं असतं तर चाचणी शंभर टक्के पास झाली असती. म्हणून `cx`, `cy` वर पानावर एक साधा ठिपका ठेवून डोळ्यांनी बघा की तो खरंच त्या शिरोबिंदूवर पडतोय का. डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

क्लिक किती बारीक असू शकतं याचाही हिशेब करून ठेवा, प्रबंधात कोणीतरी विचारणारच. 3 मीटरवर 600 पिक्सेलमध्ये 2.80 मीटर भिंत दिसते, म्हणजे एक पिक्सेल सुमारे 4.7 मिलिमीटर. एवढ्या दुरून केलेल्या क्लिकने तुम्ही 2 मिलिमीटरच्या छिन्नीच्या खुणेची जागा सांगू शकत नाही, मेश कितीही तपशीलवार असली तरी. भिंतीकडे तिरकं बघत असाल तर तोच पिक्सेल आणखी मोठ्या जागेवर पसरतो. मी आता प्रत्येक नोंदीसोबत कॅमेऱ्याची जागा, दिशा, कॅनव्हासचं माप आणि माउसचे मूळ पिक्सेल साठवते. त्या 64 नोंदींसोबत हे नव्हतं. असतं तर बरोबर सूत्र लावून सगळे किरण पुन्हा सोडता आले असते आणि खऱ्या मूर्ती मिळाल्या असत्या. नुसता चुकीचा बिंदू हातात असताना मागे जाता येत नाही, कारण तो कुठून बघून केला होता हेच माहीत नसतं.

काही बारीकसारीक गोष्टी. मॉडेल फिरवायला माउस ओढला आणि सोडला की ब्राउझर त्यालाही क्लिक समजू शकतो. दाबताना आणि सोडताना माउस चार-पाच पिक्सेलपेक्षा जास्त हलला असेल तर ते क्लिक धरू नका. मॉडेल हलवून लगेच त्याच क्षणी किरण सोडला तर तो जुन्या जागेवर तपासला जातो, कारण मेशची जागा एरवी पुढचं चित्र रंगवताना अद्ययावत होते. आधी `updateMatrixWorld()` बोलवा. आणि किरण मेशची कोणती बाजू धरतो हे मटेरियलवर ठरतं: एकतर्फी मटेरियल असेल तर मागून केलेलं क्लिक त्या त्रिकोणाला लागतच नाही, आरपार जातं.

कोणी विचारेल की हे सगळं सोडून प्रत्येक मूर्ती वेगळ्या सपाट रंगात पडद्याआड रंगवली आणि क्लिकच्या पिक्सेलचा रंग वाचला तर? तेही करतात, आणि लाखो वस्तू असतील तर ते चांगलंही चालतं. फक्त कडा मऊ करण्याची सोय बंद ठेवावी लागते, नाहीतर 7 आणि 11 च्या रंगांचं मिश्रण होऊन मध्येच मूर्ती 9 निघते. शिवाय रंगावरून क्रमांक मिळतो, भिंतीवरचा बिंदू मिळत नाही. मला झीज कुठे आहे हे मिलिमीटरमध्ये हवं होतं, म्हणून मी किरणावरच राहिले.

64 नोंदी मी पुन्हा केल्या. या वेळी प्रत्येकीला लाल गोळी होती, आणि धाकट्या भावाला शेजारी बसवलं होतं. मी क्रमांक झाकून ठेवायचे, तो पडद्यावरची मूर्ती बघून छापील फोटोवरचा क्रमांक सांगायचा. दोघांचं जुळलं तरच नोंद. 61 जुळल्या. उरलेल्या तिन्ही छज्जाखालच्या आहेत, जिथे मेशला भोकं आहेत. त्या भागाचे फोटो पुन्हा काढायला मार्कंड्याला जायचं आहे.